विटा शाखेची निकड

एप्रिल उजाडला की आमच्या बँकेत सगळ्यांचे आईवडील एकदम आजारी पडायचे. वर्षभर ज्यांच्या वडिलांचा विषयही निघत नसे, ते वडिलांच्या गुडघ्यांचे एक्स-रे घेऊन मुख्य कार्यालयाचे जिने चढायचे. कारण एप्रिलमध्ये बदलीचे विनंतीअर्ज घेतले जात आणि मे महिन्यात यादी लागत असे. बँक सहकारी, मुख्य कार्यालय साताऱ्यात आणि शाखा सातारा-सांगली जिल्ह्यांत विखुरलेल्या. कराडच्या माणसाला वाई हवी, वाईच्या माणसाला कराड, आणि आटपाडी कुणालाच नको.

हे अर्ज मी बघितलेले आहेत. 'माझे आईवडील वृद्ध असून त्यांची देखभाल करणारे घरात दुसरे कोणी नाही.' शंभरातले नव्वद अर्ज या एका वाक्यावर उभे. सोबत डॉक्टरांचा दाखला, आणि तो डॉक्टरही बहुतेकांचा एकच. कर्मचारी विभागातले साहेब दाखल्यावरची सही बघूनच हसायचे आणि अर्ज गठ्ठ्यात सरकवायचे. मला त्या साहेबांचा राग यायचा, पण अर्ज करणाऱ्यांची त्याहून जास्त कीव यायची. शिकलेली माणसं, पदव्युत्तर पदव्या घेतलेली, आणि बँकेपुढे पदर पसरताना स्वतःचं एक वाक्यही लिहिता येऊ नये? मी मनातल्या मनात म्हणायचे, आपल्यावर वेळ आली तर आपण असं रडगाणं गाणार नाही.

वेळ आली. माझ्या वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली.

वडील आटपाडीच्या अंगाच्या एका गावात एकटे राहत. आई गेलेली. आयुष्य मेंढरांमागं गेलं, पुढं थोडी शेती केली. भावाचं सोनं गाळायचं, म्हणजे गलाईचं, दुकान तामिळनाडूत, आमच्या भागातल्या निम्म्या घरांसारखंच. तो दर आठवड्याला फोन करून 'लय टेन्शन हाय' म्हणायचा आणि पैसे पाठवून मोकळा व्हायचा. नवरा सैन्यात, वर्षातून दोनदा रजेवर येणारा. राहिले मी, साताऱ्यात. वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला विट्याला न्यावं लागे. ते गावातला एक रिक्षावाला करायचा. सेंटरवाल्यांचा नियम होता की पेशंटसोबत माणूस हवा, म्हणून तोच नातेवाईक म्हणून सही करायचा आणि बाहेर जाऊन भाडी मारायचा. चार तास वडील त्या खुर्चीवर एकटे.

तेव्हा मला बदली हवी होती ती विट्याला. आणि मला ती रडून नको होती.

माझं काम तपासणी विभागात होतं. शाखांवर जायचं, कपाटं उघडायची, चुका शोधायच्या आणि अहवालात शेरे मारायचे. गेल्या हिवाळ्यात मी विटा शाखा तपासली होती. तिथं सोनेतारण कर्जाचं काम प्रचंड. लोक दागिने ठेवून कर्ज घेतात, आणि ते दागिने सीलबंद पाकिटांत तिजोरीत राहतात. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असल्या पाहिजेत. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडता कामा नये. एकाच्या मनात पाप आलं तरी दुसरा आडवा येईल, एवढा साधा त्यातला हिशेब. विट्यात मी गेले तर दोन्ही किल्ल्या मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये, एकाच सुतळीत ओवलेल्या.

मी विचारलं, "हे काय?"

मॅनेजर म्हणाले, "आवं मॅडम, दुसरा ऑफिसर हाय कुठं? एक होता तो रिटायर झाला. दिवाळीला गलाईवाली सगळी गावाकडं येत्यात, बायका दागिन्यांसाठी दारात बसत्यात. तवा मी काय दुसऱ्या हाताची वाट बघू?"

मी त्यांना चांगलंच सुनावलं आणि अहवालात शेरा लिहिला. गंभीर अनियमितता. दुसरा किल्लीधारक तातडीने द्यावा. हा शेरा मुख्य कार्यालयात जाऊन पडला होता आणि त्याची पूर्तता कुणी केली नव्हती. आमच्याकडे शेरे जमवण्याचीच हौस फार.

त्यामुळे अर्जाला बसले तेव्हा माझ्याकडे खरी वस्तुस्थिती होती. बाकीच्यांसारखा गुडघ्याचा एक्स-रे नव्हता. मी लिहिलं की विटा शाखेत सोनेतारणाची जोखीम मोठी आहे, तिथं दुसरा किल्लीधारक नाही, तपासणीचा शेरा प्रलंबित आहे. मी सोनेतारणाचं काम पूर्वी चार वर्षं केलेलं आहे, मला सराफाचं मूल्यांकन कळतं, परिसरातले ग्राहक कळतात, आणि मी कामाच्या वेळेत पूर्णवेळ शाखेत हजर राहून किल्लीची जबाबदारी घेऊ शकते. माझ्या विभागाचीही काळजी मी घेतली. कोणत्या शाखांची तपासणी बाकी आहे, ती कोण करू शकेल, माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्याला मी कशी तयार केली आहे, आणि दिवाळीपर्यंत फोनवर मी कशी मदत करेन, हेही मांडलं. आणि अगदी शेवटी एक ओळ: 'विटा येथे वडिलांचे डायलिसिस सुरू असल्याने वैयक्तिकदृष्ट्याही सदर ठिकाण सोयीचे आहे.' सोयीचे. चांगला सरळ शब्द सापडला म्हणून मी खूश होते.

अर्ज योग्य मार्गे जावा लागतो, म्हणजे आधी विभागप्रमुखांकडे. आमचे विभागप्रमुख कुठल्याही कागदावर सही करायची म्हणजे अंगावरचं कापड द्यायचं अशा चेहऱ्यानं करत. त्यांनी अर्ज तीन दिवस दाबून ठेवला. मग बोलावलं.

"तुम्ही गेलात तर इथं कोण?"

"ते दुसऱ्या पानावर लिहिलंय, सर."

"ते वाचलं मी. पण तुमच्याइतकं कोण करणार?"

म्हणजे पाच वर्षांत ज्या माणसानं माझ्या एका अहवालाचं कौतुक केलं नाही, त्याला आता माझी किंमत कळली होती, मला अडकवण्यापुरती. मी म्हटलं, "सर, विट्याचा शेरा आपल्याच विभागाचा आहे. रिझर्व्ह बँकेची तपासणी आली आणि दोन्ही किल्ल्या एकाच ड्रॉवरमध्ये सापडल्या, तर पहिला प्रश्न आपल्यालाच विचारतील." एवढं ऐकल्यावर त्यांनी लगेच शिफारस लिहिली. माणसाला स्वतःच्या खुर्चीची भीती दाखवली की पेन आपोआप चालतं.

पुढं सरव्यवस्थापकांनी बोलावलं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं अर्ज वाचतोय, पण असा अर्ज पहिल्यांदाच वाचला. बँकेचा विचार करणारा माणूस आहे म्हणायचा." वडिलांबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. मला ते बरंच वाटलं. बाहेर पायरीवर दोन क्लार्क आपापल्या दाखल्यांच्या झेरॉक्स घेऊन बसले होते. त्यांच्याकडे बघून मी मान ताठ ठेवून निघाले.

त्या संध्याकाळी वडिलांना फोन केला.

"झाला का अर्ज?"

"झाला. साहेबांना आवडला."

"काय लिवलंस?"

"तिथल्या शाखेची अडचण लिहिली. माणूस कमी आहे, किल्ल्या एकाकडंच आहेत, ते सगळं."

 वडील म्हणाले, "शाखेचीच अडचण असंल तर मग देतील की." आणि बाहेर पाणी आलंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मे महिन्यात यादी लागली. विटा शाखा, सोनेतारण अधिकारी आणि दुसरा किल्लीधारक: एका संचालकांच्या मेव्हण्याचा मुलगा. नोकरीला दोन वर्षं झालेला, साताऱ्याच्या कर्ज विभागात नुसता हेलपाटे घालणारा. त्या विभागात त्याला कुणी काम देत नव्हतं, कारण त्यानं केलेलं काम पुन्हा करावं लागायचं.

मी तडक कर्मचारी विभागात गेले. साहेब चहा पीत होते. म्हणाले, "अहो, तुमचंच म्हणणं मान्य झालं की. विट्याला माणूस दिला. तुमचा शेरा निकालात काढला आम्ही. पूर्तता झाली."

"माझी बदली मागितली होती मी."

"तुम्ही शाखेची गरज मांडली होती. ती गरज भागली. आता तुमचं काही वैयक्तिक कारण असलं तर पुढच्या वर्षी तसा अर्ज करा, दाखला जोडून." चहाचा घोट घेऊन ते पुढे म्हणाले, "डॉक्टरांचा नंबर हवा का?"

त्या माणसाचं तोंड मी आयुष्यभर विसरणार नाही. त्याला समजत नव्हतं असं नाही, सगळं समजत होतं. मला काय हवं ते त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण मी ते मागितलं नव्हतं, आणि जे मागितलं नाही ते न देण्यात त्याला सुख होतं. मी बाहेर आले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या क्लार्कांपैकी एकाला कराड मिळालं होतं. तो पेढे वाटत होता. मी पेढा घेतला.

पुढचे तीन महिने मी दर शनिवारी एसटीनं गावी जायचे, वडिलांना भेटायचे आणि सोमवारी पहाटे परत निघायचे. वडील वाळत चालले होते. पाणी किती प्यायचं, मीठ किती, हे त्यांना कुणी सांगायला नव्हतं. सांगितलं तरी रानात गेलं की माणूस तांब्याभर पाणी पिणारच.

ऑगस्टमध्ये फोन आला तो विट्याहून. तोच संचालकांचा नातलग.

"ताई, मला लय त्रास व्हायलाय हितं," तो म्हणाला. "सकाळी दहाला किल्ली घेऊन बसायचं ते संध्याकाळपर्यंत उठायचं न्हाई. चहाला जायचं म्हटलं तरी मॅनेजर म्हणतो, पाकीट सोडायचंय. मी काय वॉचमन हाय का? तुमाला विटा पायजे होतं न्हवं? परस्पर बदली करू या."

परस्पर बदली म्हणजे दोघांनी एकमेकांची जागा मागायची आणि दोघांनी संमतीच्या सह्या द्यायच्या. बँकेचं त्यात काही बिघडत नाही, म्हणून ती वर्षात कधीही देता येते. मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, "तुमी लिवताय भारी म्हणं. माझापण तुमीच लिवा की."

आणि मी लिहिला. त्याच्या नावावर तपासणी विभागाची गरज मांडली. विभागात तरुण, तांत्रिक बाजू जाणणाऱ्या अधिकाऱ्याची निकड कशी आहे, शाखेत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव तपासणीत कसा उपयोगी पडतो, वगैरे वगैरे. ज्याला स्वतःच्या खुर्चीवर बसून राहणं जमत नव्हतं त्याला मी दुसऱ्यांच्या चुका शोधायला लायक ठरवलं. लिहिताना लाज वाटली नाही. हसू येत होतं. वाक्यं अगदी झकास जमत होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. माझ्या अर्जात मी पुन्हा तीच विट्याची गरज लिहिली आणि वडिलांची तीच ओळ पुन्हा तळाला टाकली.

आठ दिवसांत आदेश आला. अर्ज किती वाचले गेले ते देव जाणे. संचालकांचा एक फोन सरव्यवस्थापकांना आला होता हे मला नंतर कळलं, एवढं पुरे. आदेशावर 'स्वतःच्या विनंतीवरून बदली, प्रवासभत्ता देय नाही' असं छापलेलं. जिची बँकेला निकड होती ती बाई स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या विनंतीवरून निकड भागवायला निघाली.

गणपतीच्या आधी मी विट्यात रुजू झाले. डायलिसिस सेंटरच्या जवळच दोन खोल्या घेतल्या आणि वडिलांना गावाहून आणलं. मॅनेजरांनी किल्ली हातात देऊन नोंद करून घेतली आणि म्हणाले, "आता तुमीच आल्यात म्हटल्यावर ड्रॉवरचा इषयच संपला."

संपला होता खराच. वडिलांची पाळी सकाळी दहा ते दोन. मी साडेनऊला त्यांना सेंटरवर सोडायचे, सोबत आलेली व्यक्ती म्हणून सही करायचे आणि शाखेकडे पळायचे. किल्लीधारक म्हणून दहाच्या आत हजर असणं भाग होतं आणि मध्ये उठणं शक्य नव्हतं. पाळी बदलून मागितली, तर पहाटेची आणि रात्रीची यादी भरलेली होती. दुपारी कुणीतरी ओळखीचा रिक्षावाला त्यांना घरी सोडायचा. फरक एवढाच झाला की संध्याकाळी घरी गेल्यावर मी त्यांच्या पुढ्यात बिनमिठाची भाजी ठेवायचे आणि पाण्याच्या तांब्यावर लक्ष ठेवायचे. तोही फरक मोठा होता, हे कबूल करते. चेहऱ्यावरची सूज उतरली होती.

दिवाळीच्या तोंडावर शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. कोईमतूर, सेलम, जमशेदपूर, कुठून कुठून माणसं गावी आली होती. बाया पाकिटं सोडवायला नंबर लावून बसल्या होत्या. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी साडेअकराला माझा फोन वाजला. सेंटरवरून टेक्निशियन होता.

"मॅडम, बाबांचं बीपी एकदम खाली आलंय. सलाइन चालू केलंय, घाबरू नका, पण ते तुमचं नाव घेतायत. या जरा."

मी उठले. तिजोरी बंद होती, पण बाहेर पंधरा-वीस माणसं होती. मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. ते समोर आलेल्या एका बाईला कागद समजावत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातातल्या किल्लीकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हात पुढं केला.

"नोंद?" मी विचारलं.

"आवं जावा तुमी. नोंद कसली." त्यांनी ड्रॉवर ओढला आणि माझी किल्ली त्यांच्या किल्लीच्या शेजारी ठेवली.

हाच ड्रॉवर, हाच माणूस. यावरच मी गंभीर अनियमितता लिहिली होती. मी तशीच बाहेर पडले, आणि रस्त्यानं पळताना मला त्याचं काही वाटलंही नाही.

वडील खुर्चीवर आडवे होते, पाय वर उचललेले, ओठ पांढरे. मला बघून म्हणाले, "आलीस व्हय? कामाच्या टायमाला कशी सोडली तुला?"

"सोडलं त्यांनी."

"मग बस जरा. हितं कोण नसलं की ह्या यंत्राचा आवाज लय येतो."

मी बसले. इतके महिने डायलिसिस चालू होतं आणि यंत्राच्या आवाजाबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते. बहुतेक कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. त्यांनी हात माझ्या मनगटावर ठेवला आणि दोन वाजेपर्यंत तसाच ठेवला.

त्यांना घरी झोपवून मी तीनला शाखेत परत आले. मनात सगळी तयारी केली होती: चिडलेल्या बाया, थांबलेलं काम, मॅनेजरांची बोलणी. शाखा शांत होती. काउंटर रिकामा होता. मॅनेजर डबा खात होते.

"सगळी पाकिटं दिली?" मी विचारलं.

"दिली की. दोन्ही किल्ल्या हातात असल्यावर कितीसा वेळ लागतो?" त्यांनी तोंड पुसत ड्रॉवरमधून माझी किल्ली काढून दिली. "बाबा बरं हायती का?"

मुख्य कार्यालयातल्या साहेबांना जे कधी सुचलं नाही ते या माणसानं विचारलं. बरे आहेत, मी म्हटलं, आणि खुर्चीवर जाऊन बसले. शाखेचं माझ्यावाचून काहीही अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते वडिलांचं, आणि ते मी दोन्ही अर्जांत सोयीचं म्हणून लिहिलं होतं.